घरखर्चाचा आकडा आणि दुकानाचा नफा

तालुक्याच्या गावातल्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानात हिशेबाची कागदपत्रं मागितली, तर काउंटरखालून साधारण हा ऐवज निघतो: उधारीची लांबट वही, तारेच्या आकड्यात खोचलेली घाऊक व्यापाऱ्यांची बिलं, बँकेचं पासबुक, टेम्पोच्या कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता आणि एक डायरी. डायरीत रोज रात्री गल्ला मोजून आकडा लिहिलेला असतो. पण तो दिवसाच्या विक्रीचा नसतो, दिवसअखेर गल्ल्यात उरलेल्या पैशांचा असतो. मधल्या काळात गल्ल्यातून दूधवाला, गॅसवाला आणि हमाल यांचे पैसे दिलेले असतात, ते कुठेच लिहिलेले नसतात.

याला एकेरी नोंद पद्धत म्हणतात. पद्धत हे जरा मोठं नाव झालं. कोणाकडून किती येणं आहे, कोणाला किती देणं आहे आणि हातात किती रोकड आहे, एवढंच दुकानदार लिहून ठेवतो, कारण तेवढंच विसरून चालत नाही. विक्रीचं खातं नाही, खरेदीचं नाही, खर्चाचं नाही. कंपनीला असं चालत नाही. कंपनी कायदा २०१३ दुहेरी नोंद पद्धतीनेच वह्या ठेवायला सांगतो. एकट्या मालकाच्या दुकानावर तशी सक्ती नाही आणि उधारीच्या वहीवर दुकान वर्षानुवर्षं चालतंही. अडतं ते कर्ज काढायची वेळ आली की.

समजा, अशाच एका दुकानदाराने मुद्रा योजनेच्या किशोर गटातून चार लाखांचं कर्ज मागितलं आणि बँकेने २०२४-२५ या वर्षाचा नफा-तोटा हिशेब आणि ताळेबंद आणायला सांगितला. वर्ष संपून गेलेलं आहे, मागे जाऊन रोजची किर्द लिहिता येणार नाही. अशा वेळी करसल्लागार ज्या वाटेने जातो तिचं पहिलं पाऊल म्हणजे अवस्था विवरण. इथलं दुकान काल्पनिक आहे आणि आकडे सोपे जावेत म्हणून हजारांत घेतले आहेत, पण अडचणी खऱ्या दुकानांतल्याच आहेत.

अवस्था विवरण दिसतं ताळेबंदासारखंच. एका बाजूला दुकानाची मालमत्ता, दुसऱ्या बाजूला देणी. फरक आकडे कुठून आले यात आहे. ताळेबंदातला प्रत्येक आकडा खातेवहीतून येतो. अवस्था विवरणातले आकडे मोजून, विचारून, पासबुकात बघून आणि काही वेळा अंदाजाने येतात. मालमत्तेतून देणी वजा केली की जे उरतं त्याला मालकाचं भांडवल म्हणायचं. भांडवलाचा पुरावा वेगळा नाही, तो उरलेला आकडा आहे. असं विवरण वर्षाच्या सुरुवातीचं एक आणि अखेरचं एक, अशी दोन करावी लागतात.

सुरुवातीचं विवरण नेहमीच अवघड, कारण त्या दिवशी कोणी काही मोजून ठेवलेलं नसतं. शिवाय लहान व्यापाऱ्याची उधारीची वही दिवाळीला, लक्ष्मीपूजनाला बदलते. १९८९-९० या आकारणी वर्षापासून प्राप्तिकरासाठी सगळ्यांचं हिशेबाचं वर्ष एप्रिल ते मार्च असं एकच झालं, पण वहीपूजन दिवाळीतच राहिलं. त्यामुळे ३१ मार्चची येणी शोधायची तर वहीच्या मध्यावर थांबून, एकेका गिऱ्हाइकाच्या पानावर मार्चअखेरची रेघ मारून बेरीज करावी लागते. दोनशे पानं असतील तर दोनशे रेघा.

सुरुवातीच्या मालाच्या साठ्याचा प्रश्न या दुकानात थोडा सोपा झाला. टेम्पोचं कर्ज घेताना मार्च २०२४ मध्ये बँकेला साठ्याची यादी दिलेली होती. मात्र बँकेला दिलेल्या यादीवर डोळे झाकून विसंबायचं नसतं. कर्ज मिळावं म्हणून साठा फुगवून दाखवायची सवय बऱ्याच जणांना असते. सुरुवातीचा साठा पन्नास हजारांनी फुगला, तर सुरुवातीचं भांडवल तेवढंच फुगतं आणि वर्षाचा नफा तेवढाच घटतो. म्हणून यादीतल्या मोठ्या वस्तू फेब्रुवारी-मार्चच्या खरेदी बिलांशी ताडून पाहिल्या आणि मगच ४ लाख २० हजार हा आकडा धरला.

अखेरचा साठा मोजायला दुकानदाराला ३१ मार्चला सवड झाली नाही. मोजणी झाली ६ एप्रिलला, रविवारी. खरेदीच्या किमतीने साठा भरला ४ लाख ५२ हजारांचा. विक्रीची किंमत इथे चालत नाही, नाहीतर अजून न झालेला नफा आधीच हिशेबात शिरतो. आता सहा दिवस मागे जायचं. या दिवसांत ३८ हजारांचा माल आला होता, तो वजा करायचा. आणि ७३ हजारांची विक्री झाली होती, तो माल परत मिळवायचा, पण खरेदीच्या किमतीने. दुकानदार म्हणाला, "त्यात बारा हजार तरी सुटले असतील." म्हणजे मालाची किंमत ६१ हजार. ४ लाख ५२ हजारांतून ३८ हजार गेले, ६१ हजार आले, ३१ मार्चचा साठा ४ लाख ७५ हजार. दुकानदाराचं ते बारा हजारांचं वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

बाकीचे आकडे जमवून दोन तारखांची स्थिती अशी दिसली:

| | १ एप्रिल २०२४ | ३१ मार्च २०२५ |
|---|---|---|
| रोख व बँक | ८०,००० | ७०,००० |
| मालाचा साठा | ४,२०,००० | ४,७५,००० |
| गिऱ्हाइकांकडून येणं | १,८५,००० | २,४०,००० |
| फर्निचर व वजनकाटा | ६०,००० | ५४,००० |
| टेम्पो | १,४०,००० | १,१९,००० |
| एकूण मालमत्ता | ८,८५,००० | ९,५८,००० |
| घाऊक व्यापाऱ्यांचं देणं | २,१५,००० | २,६०,००० |
| टेम्पोचं कर्ज | १,००,००० | ६०,००० |
| नोकराचा थकलेला पगार | – | ९,००० |
| भांडवल (उरलेला आकडा) | ५,७०,००० | ६,२९,००० |

यातल्या दोन-तीन ओळींमागे थोडं काम आहे. वहीप्रमाणे मार्च २०२५ अखेर येणं २ लाख ५२ हजार होतं. पण बारा हजारांचं एक गिऱ्हाईक गाव सोडून गेलं होतं. ती रक्कम बुडाली असं धरून येणं २ लाख ४० हजार लिहिलं. फर्निचरवर दहा टक्के आणि टेम्पोवर पंधरा टक्के घसारा धरला, दोन्ही मिळून २७ हजार. नोकर एप्रिल २०२४ मध्ये लागला, पगार पुढच्या महिन्यात मिळतो, म्हणून मार्चचे नऊ हजार देणं म्हणून आले. दुकानदाराचं राहतं घर आणि बायकोचे दागिने या तक्त्यात नाहीत. ती त्याची मालमत्ता आहे, दुकानाची नाही. ही सरमिसळ फार वेळा होते.

भांडवल ५ लाख ७० हजारांवरून ६ लाख २९ हजारांवर गेलं, म्हणजे ५९ हजारांनी वाढलं. पण हा नफा नव्हे. मालकाने वर्षभरात घरासाठी जे उचललं ते दुकानाने कमावूनच दिलं होतं, म्हणून उचल परत मिळवायची. आणि मालकाने बाहेरून जे दुकानात घातलं ते दुकानाने कमावलेलं नाही, म्हणून ते वजा करायचं. दुकानदाराची ५० हजारांची मुदत ठेव वर्षात मोकळी झाली होती आणि ते पैसे दुकानाच्या खात्यात जमा झाले होते. पासबुकात ते दिसतात, पण ठेव कुठली हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि न विचारता ती रक्कम विक्रीत धरली जाऊ शकते.

उचलीबद्दल दुकानदाराने सांगितलं ते असं: घरी महिन्याला पंधरा हजार, म्हणजे वर्षाचे १ लाख ८० हजार. विम्याचे हप्ते बँकेतून २६ हजार. घराच्या डागडुजीला दुकानातला रंग आणि सिमेंट, खरेदीच्या किमतीने १४ हजार. एकूण २ लाख २० हजार. मग ६ लाख २९ हजारांत २ लाख २० हजार मिळवायचे, ५० हजार आणि सुरुवातीचे ५ लाख ७० हजार वजा करायचे. नफा आला २ लाख २९ हजार.

बरेच जण इथेच थांबतात. तसं पाहिलं तर नफा निघाला, काम झालं. पण हा नफा कशातून आला हे अवस्था विवरण सांगत नाही. विक्री किती, मालावर किती सुटले, खर्च किती झाला, यातलं काहीही त्यात नाही. बँकेला ते हवं असतं. आणि बँकेला नको असतं तरी पुढची पायरी चढायलाच हवी, कारण आतापर्यंत घेतलेले आकडे खरे की खोटे हे तपासायची संधी तिथेच मिळते.

पुढची पायरी म्हणजे गळलेले आकडे शोधून व्यापार खातं आणि नफा-तोटा खातं उभं करणं. त्यासाठी प्रत्येक बाबतीत एकच युक्ती वापरायची: सुरुवात माहीत आहे, शेवट माहीत आहे, मधली देवाणघेवाण बरीचशी माहीत आहे, तर जे उरलं ते काढता येतं.

गिऱ्हाइकांपासून सुरुवात केली. सुरुवातीचं येणं १ लाख ८५ हजार. वर्षभरात उधारीची वसुली ११ लाख २० हजार, ती उधारीच्या वहीत जमा बाजूला लिहिलेली असते. बारा हजार बुडाले. अखेरीस २ लाख ४० हजार बाकी. वसुली, बुडीत आणि अखेरची बाकी यांच्या बेरजेतून सुरुवातीचं येणं वजा केलं की वर्षातली उधार विक्री ११ लाख ८७ हजार निघते. घाऊक व्यापाऱ्यांचं तसंच. त्यांना वर्षात ३३ लाख ७८ हजार दिले, अखेरचं देणं २ लाख ६० हजार, सुरुवातीचं २ लाख १५ हजार. खरेदी आली ३४ लाख २३ हजार. ही बेरीज आकड्यात खोचलेल्या बिलांशी जुळली. न जुळती, तर एखादं बिल हरवलं किंवा माल आला आणि बिल एप्रिलमध्ये आलं, अशी शंका घ्यावी लागली असती.

आता राहिली रोख विक्री, म्हणजे काउंटरवर नोटांनी आणि यूपीआयने आलेले पैसे. ती थेट कुठेच लिहिलेली नाही. ती काढायला रोख आणि बँक एकत्र धरून वर्षाचा गोषवारा मांडला. सुरुवातीला ८० हजार होते, अखेर ७० हजार उरले. बाहेर काय गेलं? घाऊक व्यापाऱ्यांना ३३ लाख ७८ हजार, भाडं ७२ हजार, पगार ९९ हजार, टेम्पोचं डिझेल ५८ हजार, वीज, फोन आणि किरकोळ ३१ हजार, कर्जाचे हप्ते ४९ हजार, त्यात व्याज नऊ हजार आणि मुद्दल चाळीस हजार, आणि मालकाची पैशातली उचल २ लाख ६ हजार. एकूण ३८ लाख ९३ हजार. आत काय आलं? वसुली आणि मुदत ठेव माहीत आहे. उरलेले २७ लाख १३ हजार रोख विक्रीचेच असणार.

रोख आणि उधार मिळून विक्री झाली ३९ लाख. विकलेल्या मालाची खरेदी किंमत काढताना ३४ लाख २३ हजारांच्या खरेदीतून घरी नेलेले १४ हजार वजा केले, सुरुवातीचा साठा मिळवला, अखेरचा वजा केला. ती आली ३३ लाख ५४ हजार. ढोबळ नफा ५ लाख ४६ हजार. त्यातून भाडं, बारा महिन्यांचा पगार १ लाख ८ हजार, डिझेल, किरकोळ, व्याज, बुडीत आणि घसारा मिळून ३ लाख १७ हजार गेले. निव्वळ नफा २ लाख २९ हजार. अवस्था विवरणाने सांगितला होता तोच, एका रुपयाचाही फरक नाही.

नवशिक्याला इथे आनंद होतो. जाणकाराला होत नाही, कारण हे जुळणारच होतं. रोख विक्री आपण उरलेला आकडा म्हणून घेतली. एखादी चूक असेल, तर ती गुपचूप त्या आकड्यात जाऊन बसते.

म्हणून जाणकार बेरजेकडे बघत नाही, टक्क्यांकडे बघतो. ३९ लाखांवर ५ लाख ४६ हजार, म्हणजे विक्रीवर चौदा टक्के ढोबळ नफा. आणि साठा मोजताना दुकानदार स्वतःच म्हणाला होता की ७३ हजारांत बारा हजार सुटतात, म्हणजे सोळा टक्क्यांच्या वर. सिमेंटच्या गोणीवर फारसं सुटत नाही, पण नळाच्या फिटिंग, खिळे, बिजागऱ्या यांच्यावर चांगलं सुटतं, आणि आपल्या दुकानात एकंदर किती पडतं हे दुकानदाराला पक्कं माहीत असतं. दोन-अडीच टक्के कुठे गेले? माल चोरीला गेला असेल, साठा कमी मोजला गेला असेल, किंवा पैसा आला आणि न लिहिता गेला असेल. साठा पुन्हा तपासला. सिमेंटच्या गोण्यांचा स्वतंत्र ताळा घातला: सुरुवातीच्या अधिक खरेदीच्या, वजा शिल्लक. त्यात गडबड दिसली नाही. मग करसल्लागाराने विचारलं, "शेठ, महिन्याला पंधरा हजारांत घर चालतं?"

"पंधरा मी हातात देतो, साहेब. बाकी लागेल तसं गल्ल्यातून जातं."

हे "बाकी" घरात बसून लिहून काढलं. वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब होता. मुलीच्या क्लासच्या पावत्या होत्या, गाडीचं पेट्रोल, गॅस, दवाखाना, लग्नातले आहेर. वर्षाची बेरीज १ लाख २० हजारांची निघाली. हे पैसे गल्ल्यात विक्रीतून आले होते आणि घरी गेले होते. दोन्ही बाजूंना नोंद नव्हती, त्यामुळे शिलकेत काहीच दिसत नव्हतं.

उचल झाली ३ लाख ४० हजार. रोख विक्री तेवढ्यानेच वाढून २८ लाख ३३ हजार, एकूण विक्री ४० लाख २० हजार, ढोबळ नफा ६ लाख ६६ हजार. विक्रीवर साडेसोळा टक्के, दुकानदाराच्या तोंडच्या आकड्याला लागून. निव्वळ नफा ३ लाख ४९ हजार.

आणि ताळेबंद? त्यात काहीच बदललं नाही. सुरुवातीचं भांडवल ५ लाख ७० हजार, अधिक मुदत ठेवीचे ५० हजार, अधिक नफा ३ लाख ४९ हजार, वजा उचल ३ लाख ४० हजार. उत्तर पुन्हा ६ लाख २९ हजार. नफा निम्म्याहून अधिक वाढला तरी ताळेबंदाची दोन्ही टोकं ९ लाख ५८ हजारांवर तशीच. ताळेबंद जुळला म्हणून नफा बरोबर आहे असं एकेरी नोंदीत म्हणता येत नाही. आधीचा ताळेबंदही जुळलेलाच होता.

ही दुरुस्ती करतानाही एक पथ्य पाळावं लागतं. टक्केवारी सोळावर यावी म्हणून उचल वाढवायची नसते. टक्केवारी शंका दाखवते. आकडा कॅलेंडरवरून, पावत्यांवरून यावा लागतो. तो सापडला नाही, तर फरक तसाच ठेवून विक्री अंदाजाने काढली आहे असं स्पष्ट लिहिणं बरं.

कराच्या बाजूने पाहिलं, तर २०२४-२५ या वर्षासाठी प्राप्तिकर कायदा १९६१ च्या कलम ४४एडी खाली दोन कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला नफा उलाढालीच्या टक्केवारीने दाखवता येत होता: आठ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर सहा टक्के. त्यासाठी वह्या लागत नाहीत. पण या व्यापाऱ्यांच्या आयटीआर-४ या विवरणपत्रातही साठा, येणं, देणं आणि हातातली रोकड यांचे वर्षअखेरचे आकडे विचारलेले असतात, म्हणजे अर्धं अवस्था विवरण तिथेही भरावंच लागतं. पहिल्या हिशेबातले २ लाख २९ हजार हे ३९ लाखांच्या सहा टक्क्यांपेक्षाही कमी होते. दुरुस्तीनंतरचे ३ लाख ४९ हजार ४० लाख २० हजारांच्या आठ टक्क्यांच्या वर जातात.

जीएसटीचं प्रकरण अधिक अवघड निघालं. महाराष्ट्रात फक्त मालाचा व्यापार करणाऱ्याला उलाढाल ४० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी घ्यावी लागते, आणि ती मर्यादा ओलांडल्यापासून तीस दिवसांत अर्ज करावा लागतो. पहिल्या हिशेबाने दुकान एक लाखाने अलीकडे होतं, दुसऱ्याने वीस हजारांनी पलीकडे गेलं. पण नेमकं कोणत्या दिवशी? रोख विक्री वर्षाचा एकच आकडा म्हणून निघाली आहे, ती दिवसावार वाटता येत नाही. रोजची सरासरी विक्री अकरा हजारांच्या आसपास पडते, त्या हिशेबाने मर्यादा मार्चच्या शेवटच्या दोन दिवसांत ओलांडली असावी. अंदाज यापुढे जात नाही. करसल्लागाराने नोंदणीचा अर्ज भरायला घेतला आणि दुकानदाराला डायरीत रोज रात्री चार रकाने आखायला सांगितले: रोख विक्री, यूपीआय, उधारीची वसुली, आणि गल्ल्यातून घरी नेलेले.